गावातल्या घरी कामाची खोली: खर्चाच्या नोंदी, मे ते ऑगस्ट २०२४

१० मे

कंपनीचं पत्र आलं. जूनपासून कायम घरून काम करायला परवानगी आहे. त्यासाठी एकदाच ३०,००० रुपये आणि दरमहा १,५०० रुपये मिळतील. मॉनिटर कंपनीचाच येणार. घर कुडाळपासून थोडं आत, चिरेबंदी, वर कौलं. कामाला माडीवरची खोली घेणार, कारण खाली दिवसभर येणंजाणं असतं.

हिशेबाला तीन रकाने केले: एकदाचा खर्च, दरमहाचा खर्च आणि झीज. तिसरा रकाना सहसा कुणी करत नाही. पण खुर्ची पाच वर्षांनी जाणारच, मग तिची किंमत साठ महिन्यांवर वाटलीच पाहिजे. ते केलं नाही तर दरमहाचे १,५०० पुरतात की नाही हे खरं कळत नाही.

१३ मे

टेबल घेण्याआधी माप घेतलं. पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा उंचीवर बसायचं, दंड सरळ खाली सोडायचे, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. माझी उंची १५४ सेंटिमीटर. बैठक ४० वर येते आणि कोपर ६४ वर. म्हणजे टेबलाचा वरचा पृष्ठभाग ६४ ते ६६ मध्ये हवा.

बाजारातली तयार टेबलं जवळजवळ सगळी ७५ ची असतात. तसं घेतलं तर मला खुर्ची दहा सेंटिमीटर वर घ्यावी लागेल, पाय लोंबकळतील, मग पायाखाली पाट लागेल. दिवसभर खांदे उचलून टंकन केलं की मानेचं दुखणं ठरलेलंच. आणखी एक अडचण आहे. स्वस्त टेबलं भुशाच्या दाबलेल्या फळीची असतात. कोकणातल्या पावसाळ्यात कडेची पट्टी सुटली की आत ओल शिरते, फळी फुगते आणि स्क्रू धरत नाहीत. मामाकडचं असं टेबल दुसऱ्या पावसातच गेलं. ५,५०० रुपयांचं टेबल दोन वर्षं टिकलं तर महिन्याला २३० रुपये पडतात, आणि तेवढे देऊनही उंची चुकीचीच.

टेबल सुतारकाकांकडून करून घ्यायचं ठरवलं.

१८ मे

पुण्यात खुर्च्या पाहिल्या. बंद झालेल्या कार्यालयांच्या खुर्च्या दुरुस्त करून विकणारी दुकानं आहेत, तिथेच मुक्काम ठोकला. नवीन चांगली जाळीची खुर्ची दहा-बारा हजारांच्या घरात जाते. इथे चांगल्या बनावटीची जुनी ६,८०० ला मिळाली.

मी चार गोष्टी पाहिल्या. पहिली, बैठक सर्वांत खाली किती येते. बऱ्याच खुर्च्या ४५ च्या खाली जातच नाहीत, आणि बुटक्या माणसाला त्या कितीही महाग असल्या तरी निरुपयोगी. ही ४१ पर्यंत येते. दुसरी, बैठकीची खोली. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. तिसरी, गॅसचा दांडा. सर्वांत वर घेऊन बसायचं आणि तसंच अर्धा-पाऊण तास बसून राहायचं. खुर्ची हळूहळू खाली आली तर दांडा गेलेला. दांडा बदलायला दुकानदाराने ९०० सांगितले, म्हणजे दांड्यावरून खुर्ची नाकारायची नाही, भाव करायचा. चौथी, कापड. नकली चामड्याला आमच्याकडे आषाढात बुरशी येते आणि नंतर पापुद्रे सुटतात. पाठीला जाळी आणि बैठकीला कापड, एवढंच चालेल.

खासगी बसच्या टपावरून कुडाळपर्यंत आणायचे ४५० घेतले. खुर्ची एकूण ७,२५०.

२३ मे

फणसाच्या फळ्या माळ्यावर चिरून ठेवलेल्या होत्या, चांगल्या सुकलेल्या. बाबा म्हणाले, घरचंच लाकूड आहे, त्याचा कसला खर्च लावतेस. पण ते विकलं असतं तर पैसे आलेच असते. वखारीतल्या भावाने दीड घनफुटाचे २,२०० होतात, ते लिहिले.

टेबल साडेचार फूट बाय दोन फूट, फळी एक इंच जाड. सुतारकाकांना समोर खण काढायचा होता. मी नको म्हटलं, कारण जागेचा हिशेब बसत नाही. बैठक ४१, वर मांडीची जाडी १४, म्हणजे ५५. टेबल ६६ वर ठेवलं आणि फळीचे अडीच गेले की खालची बाजू ६३.५ वर. खण आठ सेंटिमीटर खाली आला की मांडी जेमतेम मावेल आणि खुर्चीचे हात आत जाणारच नाहीत. म्हणून समोर काहीच नाही. मजबुतीला आडवी पट्टी मागच्या बाजूने, आणि त्याच पट्टीवर वायरी बांधायच्या. मजुरी २,४००, पॉलिश आणि किरकोळ सामान ९००. टेबल ५,५०० ला पडलं. दहा वर्षं धरते, खरं तर जास्तच टिकेल.

२७ मे

लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या कडेवर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात. वायरमनला बोलावलं. माडीवरच्या सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थिंग यांमध्ये १४ व्होल्ट निघाले. दोन-तीनच्या आत हवेत. जुना अर्थिंगचा खड्डा जांभ्यात आहे. मे महिन्यात जांभा ठणठणीत कोरडा होतो आणि अर्थिंग नावापुरतंच उरतं. विहिरीच्या पाटाजवळ, जिथे बारमाही ओल असते, तिथे नवा खड्डा घेतला. सळी, कोळसा-मीठ, तार आणि मजुरी धरून २,८००. आता दीड व्होल्ट येतात.

टेबल-खुर्चीच्या यादीत हा खर्च कुणी धरत नाही. वळवाच्या विजा पडतात तिथे तो सगळ्यात आधी धरावा.

२ जून

फायबर घेतलं. गावात एकच केबलवाला आहे. ४० एमबीपीएसचे ४९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिना ५८९. जोडणीचे १,५००. १०० चा पॅकही होता, पण माझ्या कामाला चढता, म्हणजे अपलोडचा, वेग दहा असला तरी पुरतो. वेगावर पैसे घालण्याऐवजी ते लाइन टिकण्यावर घालायचे आहेत.

वेगापेक्षा महत्त्वाचा प्रश्न त्याला विचारला: लाईट गेल्यावर तुमच्याकडे काय होतं? तो म्हणाला, "लाईट गेली काय डब्याची बॅटरी दोन-अडीज तास खेचता, मगे बंद."

पुढचा सगळा हिशेब या एका उत्तरावर उभा आहे. फायबरच्या मधल्या तारेला वीज लागत नाही, वाटेतल्या फाटे फोडणाऱ्या डबीलाही लागत नाही. वीज लागते ती फक्त दोन टोकांना: केबलवाल्याच्या बाजारातल्या यंत्राला आणि माझ्या घरच्या राउटरला. त्याचं टोक अडीच तास चालणार असेल, तर माझं टोकही साधारण तेवढंच चालवायचं. त्याहून जास्त चालवण्यावर घातलेला पैसा वाया जातो.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेतला, १,४५०. खोक्यावर ८,८०० एमएएच लिहिलंय, पण तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा. गुणाकार केला की ३२ वॅट-तास निघतात, १२ व्होल्टवर नेताना थोडे गळतात, २७ उरतात. राउटर १० वॅट खातो, म्हणजे पावणेतीन तास. बरोबर जुळलं.

१४ जून

दुसरी लाइन अशी हवी की पहिलीच्या कारणाने ती बंद पडणार नाही. आमच्याकडे फायबर विजेच्याच खांबांवरून येतं. फांदी पडली की दोन्ही एकदम जातात. म्हणून दुसरी लाइन मोबाइलचीच.

खालच्या खोलीत चिऱ्याच्या भिंतींमुळे सिग्नल मरतो. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो, त्यावरूनच ठरवावं. वरच्या दांड्या फसवतात. आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. खाली -११४, माडीवर टेबलाशी -१०६, महामार्गाकडच्या खिडकीत -९७. जुना फोन त्या खिडकीत ठेवून त्याचं हॉटस्पॉट वापरायचं. नवीन यंत्र घेतलं नाही. सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं ते भावावरून ठरवलं नाही. वाडीतल्या लोकांना विचारलं की लांब लाईट जाते तेव्हा कुणाचा फोन चालू राहतो. एका टॉवरला जनरेटर आहे. त्याच टॉवरवरच्या कंपनीचं सिम घेतलं.

रोज दीड जीबीचा पॅक, २८ दिवसांचे २३९. इथे हिशेबात एक खाच आहे. २८ दिवसांचा पॅक वर्षाला बारा वेळा नव्हे, तेरा वेळा भरावा लागतो. म्हणून महिन्याला २३९ नाही, २५९ लिहिले.

१६ जून

विजेचा हिशेब. आधी मोजमाप. आमच्या मीटरवर ३२०० इंपल्स प्रति युनिट छापलंय, म्हणजे लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त कामाची खोली चालू ठेवली आणि दहा लुकलुकींना लागलेला वेळ घेतला. सूत्र असं:

```
वॅट = ११२५ × लुकलुकी ÷ सेकंद
```

७५ सेकंद लागले, म्हणजे १५० वॅट. त्यात लॅपटॉप ३५, मॉनिटर २२, ट्यूब २०, आणि उरलेला निम्मा एकटा जुना पंखा. नऊ तास आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर ३० युनिट. राउटर चोवीस तास चालतो, त्याचे ७. एकूण ३७.

आता दर. बहुतेक जण जुनं बिल एकूण युनिटांनी भागतात, साधारण आठ रुपये येतात, आणि ३७ ला आठने गुणून मोकळे होतात. तसं करून चालत नाही. महावितरणचा यंदाचा घरगुती दर वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५.८८ आहे, १०१ ते ३०० ला ११.४६ आणि ३०१ ते ५०० ला १५.७२. घरात आई-बाबांचे आधीच ९५ युनिट होतात. माझी पाच युनिटं स्वस्तात बसतील, उरलेली ३२ वरच्या टप्प्यात पडतील. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. सगळं मिळून ४६० रुपये होतात. सरासरीने तीनशेच्या आत दिसले असते. ज्यांच्या घरी आधीच २९० युनिट होतात, त्यांना हीच ३७ युनिटं जवळपास ६२५ रुपयांना पडतील. तीच खोली, तेच काम, पण घरातला आधीचा वापर बघितल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो यात धरलेला नाही.

पंखा बदलला तर? कमी विजेचा बीएलडीसी पंखा ३० वॅटचा, म्हणजे ४५ वाचतात. महिन्याला ९ युनिट, आणि वाचतात ती वरच्या टप्प्यातलीच, १३.२९ रुपयांची. महिन्याला ११८. पंखा २,९०० चा. दोन वर्षांत फिटतो. आमच्याकडे पंखा बारा महिने लागतो, म्हणून घेतला. जिथे थंडीत चार महिने पंखा बंद असतो, तिथे फिटायला तीन वर्षं लागतील.

आता अंदाज २८ युनिट, ३४० रुपये.

२९ जून

घरातल्या सगळ्यांचं म्हणणं इन्व्हर्टर घे. दुकानदाराने १५० एएचच्या बॅटरीसकट २२,५०० सांगितले. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे १,८०० वॅट-तास, वापरता येण्याजोगे हजारभर. माझा सगळा भार त्यावर नऊ-दहा तास चालेल.

पण या महिन्यात लाईट गेल्याच्या वेळा वहीत टिपत होते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत येते. काही वेळा दोन-तीन तास. क्वचित दिवसभर. अर्ध्या तासाला लॅपटॉपची स्वतःची बॅटरी आणि राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. अडीच तासांपुढे केबलवाल्याचं टोकच बंद पडतं, मग माझ्याकडे इन्व्हर्टर असला काय नि नसला काय, फायबर मिळणार नाही. त्या वेळात मला लागतं ते फक्त लॅपटॉपचं चार्जिंग. त्याला ६५ वॅटचा पॉवर बँक आहे, ३,६०० चा. लॅपटॉप मॉनिटर नसताना २० वॅट खातो, तर पॉवर बँक तीन तास जास्तीचे देतो.

शेजारच्या काकांकडे इन्व्हर्टर आहे. त्यांच्याकडेही सगळं बंद करून फक्त इन्व्हर्टर लाइनवर ठेवला आणि मीटर पाहिला. दहा लुकलुकींना दहा मिनिटं लागली, म्हणजे जवळपास १९ वॅट. बॅटरी पूर्ण भरलेली, घरात काही चालू नाही, तरी महिन्याला साडेतेरा युनिट. माझ्या टप्प्यात ते १८० रुपये होतात. हा खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो.

इन्व्हर्टर कामाच्या हिशेबातून काढला. आईला रात्री पंखा हवा म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, तो घराचा खर्च.

५ जुलै

३ जुलैपासून मोबाइलचे दर वाढले. २३९ चा पॅक २९९ झाला. तेरा वेळा भरायचा तर महिन्याला ३२४. रकाना बदलला.

११ जुलै

सोमवारी, ८ तारखेला, खरी परीक्षा झाली. सकाळी ९:४० ला लाईट गेली. राउटर यूपीएसवर चालू राहिला, मी मॉनिटर बंद केला. ११:५५ ला राउटरवरचा LOS चा, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल लुकलुकू लागला. सव्वादोन तासांनी, म्हणजे केबलवाल्याची बॅटरी संपली. खिडकीतल्या फोनवर गेले. व्हिडिओ बंद ठेवून बैठक पार पडली. व्हिडिओ चालू ठेवला तर तासाला एक जीबीपर्यंत जातं आणि दीड जीबी दुपारच्या आतच संपतं. सव्वाबाराला लॅपटॉप पॉवर बँकेवर लावला. जेवणाच्या वेळात झोपवून ठेवला, त्यामुळे चार वाजेपर्यंत पुरला.

४:१० ला लाईट आली, पण LOS लालच राहिला. यावरून ओळखता येतं. लाईट गेल्यावर दोन-अडीच तासांनी लाल झाला तर पलीकडची बॅटरी संपली, थांबायचं. लाईट आल्यावर अर्ध्या तासानेही लाल असेल, तर तार तुटलीय, लगेच फोन करायचा. वळणावर खांबावर झाड पडलं होतं. फायबर काल संध्याकाळी जोडलं. मधले दिवस मोबाइलवर, जास्तीच्या डेटाचे १०० रुपये गेले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत असं होत राहणार, म्हणून वर्षाला ६०० वेगळे लिहिले, महिन्याला ५०.

९ ऑगस्ट

जुलैचं वीजबिल आलं. १२१ युनिट. मे महिन्याशी तुलना करून उपयोग नाही, तेव्हा पंप चालतो. बिलावर मागच्या वर्षाचे महिने छापलेले असतात. गेल्या जुलैत ९१ होते. वाढ ३०, अंदाज २८ चा होता.

एकदाचा खर्च: टेबल ५,५००, खुर्ची ७,२५०, अर्थिंग २,८००, फायबर जोडणी १,५००, राउटरचा यूपीएस १,४५०, पॉवर बँक ३,६००, पंखा २,९००. बेरीज २५,०००. तीस हजारांतले पाच उरले.

दरमहा: फायबर ५८९, सिम ३२४, जास्तीचा डेटा ५०, वीज ३४०. बेरीज १,३०३. झीज धरली तर टेबलाचे ४६, खुर्चीचे १२१, यूपीएस दोन वर्षांचा धरून ६०, पॉवर बँक तीन वर्षांचा धरून १००. म्हणजे आणखी ३२७. एकूण १,६३०. कंपनीच्या १,५०० पेक्षा १३० जास्त. उरलेले पाच हजार त्या तुटीला लावले तर तीन वर्षांहून थोडे जास्त पुरतील.

हिशेब कंपनीला पाठवला. सोबत बिलाची प्रत आणि लाईट गेल्याच्या वेळांचं पान जोडलं, आणि मासिक रक्कम १,६५० करावी असं लिहिलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं, हे बाबांच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवलं.